सात वर्षांची तीन वाक्यं

धाकटी एकदा बोलायला लागली की थांबायचं नाव नाही, आणि गप्प बसली की तोंडातून अवाक्षर काढत नाही. मधलं काही हिच्या वाट्याला आलंच नाही, असं तिची थोरली बहीण म्हणायची. या थोरलीला आपण ताईच म्हणू, कारण सगळी गल्ली तिला ताई म्हणते आणि तिला विचारल्याशिवाय तिथे पानही हलत नाही. धाकटीचं लग्न झालेलं नाही, ती वरच्या मजल्यावर एकटी राहते आणि जेवायला खाली ताईकडे येते. म्हणजे तिच्या आयुष्यातलं काहीही ताईपासून लपून राहायची सोय नाही.

बँकवाल्याचं प्रकरण ताईला असंच कळलं. कोणीतरी ओळख करून दिलेला सभ्य गृहस्थ, नाकीडोळी नीटस, बोलायला मऊ. दुसऱ्याच भेटीत कॉफी पिता पिता त्याने सहज विचारलं, आधी कोणी होतं का. आता असं विचारणाऱ्याला काय हवं असतं? हो किंवा नाही, फार तर दोन शब्द. धाकटीने त्याला सात वर्षं ऐकवली. पडद्यांचा रंग ऐकवला, त्या आधीच्याला कुठल्या कुशीवर झोप लागायची ते ऐकवलं, तो निघून गेला त्या दिवशी चूल पेटवायचीही शुद्ध नव्हती ते ऐकवलं, मध्ये दोनदा रडली, एकदा हसली. दुकानातले दिवे लागले तरी हिचं संपेना. बँकवाला म्हणाला, खूप सोसलंत हो तुम्ही. आणि त्यानंतर तो जो गेला तो गेलाच.

मी म्हणते, त्या बिचाऱ्याचा काय दोष? त्याने दार किलकिलं केलं होतं, हिने अख्खा संसार आत लोटला. ओळख दोन कॉफ्यांची आणि ओझं सात वर्षांचं. त्याला वाटलं असणार की ही बाई मला भेटायला आलेली नाही, हिला फक्त ऐकणारं माणूस हवंय, ते कोणीही चाललं असतं. आणि थोडं खरंही होतं ते.

ताईने मग फर्मान काढलं. पुढच्या वेळी पहिला महिनाभर पुरुषाला फक्त हवामान सांगायचं. आधीच्याचं नाव काढलंस तर जेवायला मिळणार नाही. ताईचा नवरा म्हणजे भाऊजी, ते पेपरातून डोकं वर काढून म्हणाले, मला तर तू अजून हवामानच सांगतेस. त्यांच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही.

धाकटी दातांच्या कवळ्या बनवते. डॉक्टरांकडून रुग्णाच्या तोंडाचे साचे येतात, ती त्यात प्लास्टर ओतते, मेणात एकेक दात बसवते, मग ते मेण जाऊन तिथे पक्कं गुलाबी साहित्य येतं, आणि शेवटी तासन्‌तास घासकाम. तिच्या हातची कवळी जिभेला कुठे खुपत नाही, असा तिचा लौकिक आहे. कामाची जागा एका जुनाट इमारतीच्या पाचव्या मजल्यावर आहे आणि तिथल्या लिफ्टला तिचा स्वतःचा स्वभाव आहे. एका दुपारी ही लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये रुसून बसली. आत धाकटी, हातात ट्रे.

लिफ्टच्या भिंतीतल्या बोलायच्या जाळीतून एका पुरुषाचा आवाज आला. आत किती जण आहात? ती म्हणाली, मी एकटी, आणि सात कवळ्या. मग तो आवाज म्हणाला, त्यांना भूक लागली असेल तर सांगा, मला वीस मिनिटं लागतील, पंधरा सांगणार नाही कारण पंधरात होणार नाही. बरोबर वीस मिनिटांनी दार उघडलं. बाहेर लिफ्ट दुरुस्त करणारा, तेलकट हातांचा, कानाजवळ पांढरा झालेला माणूस उभा होता आणि पहिल्यांदा त्याने ट्रे घेतला, मग तिला हात दिला. धाकटी घरी आली ती गात आली. ताईने त्याचं नाव ठेवलं वर-खाली. काय म्हणतोय तुझा वर-खाली, असं ती रोज विचारू लागली.

लिफ्टवाल्याबरोबर पहिल्या दोन भेटी छान हलक्या गेल्या. तो अडकलेल्या लोकांचे किस्से सांगायचा, ती कवळ्या विसरून जाणाऱ्यांचे. तुम्हीवरून तूवर कधी आले ते दोघांनाही कळलं नाही. तिसऱ्या भेटीत बागेच्या कडेच्या टपरीवर चहा घेताना तो जरा थांबला आणि म्हणाला की एक गोष्ट सांगावीशी वाटते, फार हलकी नाही, आत्ता चालेल का. ती म्हणाली चालेल. मग त्याने सांगितलं. चार वर्षं एकीबरोबर होता, लग्न ठरलं होतं. तिचे वडील आजारी असताना ती इस्पितळात एकटी बसून राहायची आणि हा कायम कुठल्यातरी बंद लिफ्टच्या मागे. एका रात्री तिने चारदा बोलावलं, हा चारही वेळा येतो येतो म्हणाला आणि पोचला तेव्हा सकाळ झाली होती. ती चिडली नाही, भांडली नाही, पुढच्या महिन्यात शांतपणे नाही म्हणाली.

"तिचं बरोबर होतं," तो म्हणाला. "हे कळायला मला दोन वर्षं लागली. आता आठवड्यातले तीन दिवस मी रात्रीचे फोन घेत नाही. अजून पुष्कळ आहे यात, पण ते आज नको."

एवढंच. चहा निवायच्या आत संपलं. त्याने तिला वाईट म्हटलं नाही, स्वतःला फार झोडपलंही नाही, आणि धाकटीकडून सांत्वन वसूल केलं नाही. धाकटीला त्या क्षणी तो माणूस इतका हवासा वाटला की तिने हात टेबलाखाली घेतले. असं मोजकं खरं बोलणारं कोणी आपल्याजवळ असावं, आपलंही असंच कोणी ऐकून घ्यावं, ही तिची कितीतरी दिवसांची भूक होती.

आणि नेमकं तेव्हाच त्याने विचारलं, तुझं?

खरं तर या प्रश्नाची तयारी तिने आधीच केली होती. ताईचं फर्मान पाळायचं, पण कोणी अगदीच विचारलं तर तोंडात काहीतरी हवं, म्हणून बँकवाला गेल्यापासूनच दात बसवता बसवता ती वाक्यं घासत होती. अमुक शब्द काढ, तमुक घाल, इथे रडू येतं म्हणून तिथे विनोद घाल. शेवटी तीन वाक्यं उरली होती आणि ती आता तिने धडाधड म्हणून टाकली. सात वर्षं एकत्र होतो, मग दोघांनाही वाटलं की पुरे. भांडण नाही, तंटा नाही. आता छान मैत्री आहे, त्याच्या लग्नात तर मी दोनदा वाढून घेतलं.

तो हसला. तीही हसली. त्या आधीच्याच्या लग्नाच्या दिवशी ती ताईच्या न्हाणीघरात नळ सोडून बसली होती आणि ताई बाहेरून दार वाजवत होती, हे लिफ्टवाल्याला कुठून कळणार?

घरी आल्यावर ताईने पाठ थोपटली. शाब्बास, म्हणाली, आता तू माणसात आलीस.

पण त्यानंतर लिफ्टवाला जरा बदलला. वाईट वागला असं नाही. फोन यायचा तो येईना, आला तर लवकर संपायचा. कुठे भेटायचं असं तिने विचारलं की बघू म्हणायचा. हसायचा, पण पाहुण्यांसमोर हसतात तसा. आठवडा गेला तशी धाकटीची झोप उडाली. हे असं आटत जाणं तिच्या ओळखीचं होतं. आधीचाही असाच आटत गेला होता, एकेक शब्दाने, आणि तिने त्याला कधी विचारलं नव्हतं. आता पुन्हा तेच, आणि या वेळी तर तिने काही सांगितलंही नव्हतं! सांगितलं तरी जातात, नाही सांगितलं तरी जातात, मग माणसाने करावं तरी काय? ताई म्हणाली, बरं झालं ना काही बोलली नाहीस, निदान इज्जत शाबूत आहे. धाकटीच्या मनात आलं, इज्जत घेऊन काय करू, उशाला घेऊ? पण ताईला असं उलट बोलायची तिची हिंमत नव्हती.

तिला तो हवा होता. साधी गोष्ट होती, आणि ती स्वतःशी कबूल करतानासुद्धा तिचा जीव खालीवर होत होता. म्हणून तिने जन्मात केलं नव्हतं ते केलं. जेवणाच्या सुट्टीत तो काम करत होता त्या इमारतीत जाऊन उभी राहिली. तळमजल्यावर लिफ्टचं दार उघडं होतं, कडेला साखळी लावलेली, आणि तो जिन्याच्या पायरीवर हात पुसत बसला होता. ती त्याच्या शेजारी बसली आणि सरळ विचारलं, काय झालंय, माझं काही चुकलं का.

त्याने फडक्याची घडी घालून पायरीवर ठेवली. चुकलं नाही म्हणाला, उलट.

"तू किती सहज बाहेर पडलीस त्यातून. सात वर्षं, आणि लग्नात जाऊन जेवलीससुद्धा. मला चारचं पचवायला दोन वर्षं लागली आणि मी ते तुझ्यासमोर मांडून बसलो. घरी गेल्यावर मला स्वतःची लाज वाटली. वाटलं, मी तुला जड होईन."

ती तसं नाही म्हणाली. पण तसं नाही म्हणजे कसं, ते सांगायला ती शब्द जुळवू लागली. तेवढ्यात वरून कोणीतरी हाक मारली, लिफ्ट कधी सुरू होणार म्हणून, आणि तो उठला. तिला जाता जाता म्हणाला, सांभाळून जा. त्या दोन शब्दांत निरोपाचा वास होता. निदान तिला आला.

दुपारी ती घासकामाला बसली. हातात एका म्हाताऱ्या गवयाची कवळी होती, तिच्याकडे पुन्हा दुरुस्तीला आलेली, बसत नाही म्हणून. तिने उलटी करून पाहिली तर तिच्याबरोबर काम करणाऱ्या नव्या मुलीने हौसेने आतली बाजूसुद्धा चकचकीत करून ठेवली होती. या कामात पहिल्या दिवशी शिकवतात की बाहेरची बाजू आरशासारखी घासा, पण हिरडीला टेकते त्या बाजूला हात लावू नका. तिथला प्रत्येक खाचखळगा त्या माणसाच्या तोंडाचा असतो. तो घासून टाकला की कवळी दिसते सुंदर, पण बोलताना निसटते. त्या मुलीला ती रागावणार होती. पण रागवायला तोंड उघडलं आणि आपली ती तीन वाक्यं आठवून तिचे कान तापले. बाहेरून आतून सगळीकडून घासलेली! लिफ्टवाल्याने आपली खरी बाजू पुढे केली होती आणि त्याला टेकायला हिने काय दिलं, तर गुळगुळीत. मग तो घसरला यात नवल काय?

म्हणजे बँकवाला पळाला तो सगळं ओतल्यामुळे, आणि हा चाललाय तो काहीच न दिल्यामुळे. तिने यंत्र बंद केलं, लिफ्टवाल्याला फोन लावला आणि म्हणाली, बुधवारी संध्याकाळी टपरीवर ये, मला काहीतरी नीट सांगायचंय, आणि आलास तर अर्धा तास हातात ठेवून ये. तो म्हणाला येतो. ताईला तिने काही सांगितलं नाही, आणि असं तिने फारच क्वचित केलं होतं.

बुधवारी तो आधीच येऊन बसला होता. अजून उजेड होता, बागेत लोक फेऱ्या मारत होते. तिने चहा येऊ दिला.

"मागच्या वेळी इथे सांगितलं ते खोटं होतं," ती म्हणाली. "खरं थोडं जड आहे. आत्ता ऐकशील की दमलायस?"

तो म्हणाला, ऐकतो.

मग तिने सांगितलं. की पुरे असं दोघांना नव्हतं वाटलं, त्या आधीच्यालाच वाटलं होतं. की शेवटची दोन वर्षं तो गप्प होत गेला आणि तिला दिसत होतं, पण विचारलं तर उत्तर येईल या भीतीने तिने विचारलं नाही, उलट जास्त जास्त बडबड करत राहिली. यात तिचाही वाटा होता. जातोय हे त्याने सांगितलं ते मात्र एका सकाळी दारात उभं राहून, पिशवी खांद्याला लावून. लग्नात ती जेवली नव्हती, गेलीच नव्हती. हे सांगताना तिचा आवाज भरून आला आणि पाठोपाठ बाकीचं सगळं वर उसळलं. पडदे, ती पिशवी, त्याची आई, आणि त्या नंतरचे रविवार. त्या रविवारांबद्दल ताईलाही माहीत नव्हतं. वर्षभर दर रविवारी संध्याकाळी ती त्याच्या नव्या घरासमोरच्या बाकावर जाऊन बसायची आणि खिडकीतला दिवा लागला की उठून घरी यायची. ते आता अगदी ओठावर आलं. ती भराभर बोलू लागली, एक वाक्य संपायच्या आत दुसरं, आणि लिफ्टवाल्याचं बोट पेल्याच्या कडेवर थांबलेलं तिला दिसलं.

"जरा थांबायचं का?" त्याने विचारलं. कंटाळून नव्हे. जाळीतून विचारत होता तसंच, सावकाश.

धाकटी थांबली. खरंच थांबली, आणि तिला स्वतःचंच आश्चर्य वाटलं. एक घोट चहा घेतला. ते रविवार या माणसापासून लपवायचे नव्हते तिला, पण आज तिच्या पायाखाली तेवढी जमीन नव्हती आणि त्याच्याही नव्हती. ओळख होऊन महिनासुद्धा झाला नव्हता अजून. हे एवढं मोठं ज्याच्या हाती द्यायचं, त्याचे हात आधी नीट ओळखीचे व्हायला नकोत?

"त्यानंतर मी काही गोष्टी केल्या, त्यांची मला लाज वाटते. त्या सांगेन, आज नाही," ती म्हणाली. "पण एक आजच सांगायला हवं, कारण त्यात तू आहेस. माणूस गप्प झाला की मला धडकी भरते. गेला आठवडा मी झोपले नाही. तुला लांब जायचं असेल तर जा, पण सांगून जा."

त्याने मान खाली घातली. मला कळलंच नाही, म्हणाला, मला वाटलं मीच फार बोललो म्हणून मी गप्प झालो. दोघंही जरा हसले, पण हसण्यासारखं त्यात फारसं नव्हतं. दोन शहाणी माणसं एकमेकांना जड होऊ नये म्हणून एकमेकांपासून लांब सरकत होती, आणि अजून चार दिवस गेले असते तर सरकत सरकत गेलीच असती. असे किती जण जात असतील, देव जाणे.

मग त्याने तिच्याकडे न बघता विचारलं, अजून येते का त्याची आठवण.

इथे घासलेलं उत्तर तयार होतं. नाही, छे, कधीच विसरले. ताई शेजारी असती तर तिने टेबलाखालून चिमटा काढून तेच वदवून घेतलं असतं. आणि या उत्तरावर सगळंच अवलंबून आहे हे धाकटीला कळत होतं. आपल्याला आवडणाऱ्या माणसाला, दुसऱ्या कोणाची आठवण येते असं तोंडावर सांगायचं, म्हणजे स्वतःच्या पायावर धोंडा. तिला तो फार हवा होता.

"येते," ती म्हणाली. "रविवारी जास्त."

त्याने पेला खाली ठेवला. बराच वेळ काही बोलला नाही, आणि मग बहुधा तिने मघाशी जे सांगितलं ते आठवून बोलला.

"गप्प झालो ते लांब जायला नाही. हे ऐकून थोडं दुखलं, म्हणून." मग म्हणाला, "पण नाही म्हणाली असतीस तर मी उठून गेलो असतो. मलाही येते. कमी झालीय, पण येते."

त्याचा हात टेबलावर होता, तेलाचा डाग नखाखाली तसाच, आणि तो धरावा असं तिला फार वाटलं. तिने धरला नाही. त्यानेही पुढे केला नाही. दोघं तसेच बसून राहिले, आधीच्या दोघांची आठवण काढत म्हणा किंवा एकमेकांची वाट बघत म्हणा. उठताना त्याने विचारलं की येत्या रविवारी संध्याकाळी ती काय करतेय. काही नाही, ती म्हणाली. तो म्हणाला, मग मी येतो, आणि ते बाकीचं सांगायचंच असं नाही, नुसतं बसू.

घरी जाताना ती ताईच्या दारावरून न थांबता वर गेली. खोलीत दिवा न लावता ती उभी राहिली. गेली कितीतरी वर्षं तिला काही हवंसं वाटलं की ते मागचंच असायचं, गेलेलं, बंद झालेलं, दुसऱ्याच्या घरातलं. आज पहिल्यांदा तिला पुढचं काहीतरी हवं होतं, आणि रविवार अजून चार दिवस लांब होता.